दहावीच्या मुलांसाठी व्हिडिओ करताय? आधी श्वास सोडायला शिकवा

ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. परीक्षेच्या ताणावर दहावीच्या मुलांसाठी चार मिनिटांचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलंय. स्क्रिप्ट सोबत पाठवते. सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी घेतलीय, मग आईवडिलांच्या कष्टांची आठवण, मग दीर्घ श्वास, ध्यान, आहार, वेळापत्रक असे दहा उपाय आणि शेवटच्या पाटीवर हेल्पलाइनचा नंबर. वर्गात वाचून दाखवली. मुलांनी शांतपणे ऐकली, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. काय चुकतंय? आणि मदत कधी घ्यायची, हे त्यांना न घाबरवता कसं सांगू?

— एक शिक्षिका

नमस्कार मॅडम,

स्क्रिप्ट दोनदा वाचली. सगळ्यात आधी ती बातमी काढा, आजच. तुमचा हेतू मुलांनी सावध व्हावं हा आहे, हे मला कळतं. पण ज्या मुलाच्या डोक्यात आधीच काहीबाही चाललेलं असतं, तो त्या बातमीत सावधगिरी शोधत नाही, स्वतःला शोधतो. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांना सूचना केलेल्या आहेत. पद्धतीचं वर्णन करू नये, एकच सोपं कारण चिकटवू नये, अशा त्या आहेत आणि त्या याच अनुभवातून आल्या आहेत. ‘पेपर अवघड गेला म्हणून’ हे वाक्य तर कधीच खरं नसतं. त्या मुलाच्या मागे बरंच काही असतं, जे बातमीत येत नाही.

आईवडिलांच्या कष्टांचा परिच्छेदही काढा. ‘बाबांनी तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ हे दहावीतलं पोर तुमच्या व्हिडिओशिवाय रोज ऐकतं, आणि न ऐकताही त्याला ते माहीत असतं. घाबरलेल्या मुलाला ते पुन्हा सांगणं म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवणं.

दहा उपायांचं दुखणं वेगळं आहे. त्यातला एकही उपाय तुम्ही व्हिडिओत करून दाखवत नाही, फक्त नावं घेता. चार मिनिटांत मूल एकच गोष्ट शिकू शकतं, तीही तुमच्याबरोबर करत करत. म्हणून एकच प्रसंग निवडा. माझं मत विचाराल तर तो हा: अकरा वाजलेत, पेपर हातात आलाय आणि काहीच आठवत नाहीये. 2023 पासून मंडळाने पेपर वाचायला आधी मिळणारी दहा मिनिटं बंद करून ती शेवटी जोडून दिली. त्यामुळे पेपर हातात पडला की घड्याळ लगेच सुरू होतं, आणि बऱ्याच मुलांचा गोंधळ त्याच दोन-तीन मिनिटांत होतो.

एका शाळेत पूर्वपरीक्षेच्या वेळी मला बोलावून घेतलं होतं. गणिताचा पेपर. पोरगा बाकावर पाठ ताठ करून बसलेला, खांदे कानाला लागलेले, तोंड उघडं, आणि भात्यासारखा श्वास चाललेला. मला म्हणाला, “मॅडम, बोटांना मुंग्या आल्यात, ओठ बधिर झालेत, मला अटॅक येतोय.” त्याला कुणीतरी सांगितलं होतं की घाबरलास तर दीर्घ श्वास घे. तो मन लावून तेच करत होता: मोठा श्वास आत, लगेच दुसरा मोठा श्वास आत, लगेच तिसरा.

तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला कारण लगेच कळेल. असे भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. मूल हे सगळं ‘मला काहीतरी होतंय’ असं वाचतं, आणखी घाबरतं, आणखी जोरात श्वास घेतं. म्हणजे ‘दीर्घ श्वास घ्या’ हा आपला पाठ झालेला सल्ला नीट न सांगितल्यामुळे त्या मुलाची अवस्था बिघडवत होता. त्याला मी एवढंच म्हटलं, “श्वास घ्यायचा विचार सोड. फक्त सोडत राहा, गरम चहावर फुंकर घालतोस ना तशी, हळू.” पाच-सहा फुंकरांनंतर त्याचे खांदे खाली आले. मुंग्या जायला थोडा वेळ लागला, पण त्या जाणार आहेत हे त्याला कळलं होतं.

श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते आणि आत घेताना किंचित वाढते. मनगटावर बोट ठेवून शांत बसलं तर बऱ्याच मुलांना हा फरक बोटाला जाणवतो. वर्गात नक्की करून पाहा, विज्ञानाच्या बाईंना शोभेल असा प्रयोग आहे. आत घेण्यापेक्षा सोडणं लांबवलं की शरीराला ‘धावायची गरज नाही’ हा निरोप जातो. 2023 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी याची तुलना ध्यानाशी केली होती. रोज पाच मिनिटं, महिनाभर. लांब उसासा सोडणाऱ्या गटाची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. काळजी मात्र सगळ्याच गटांची साधारण सारखी कमी झाली. ती मोठी माणसं होती, दहावीची मुलं नव्हेत, म्हणून व्हिडिओत या संशोधनाचा डांगोरा पिटू नका. मुलाला पुरावा त्याच्या मनगटावर मिळतो.

आता व्हिडिओ. सुरुवात तुमच्या चेहऱ्याने नको, बाकाने करा. बाकावर पेपर, शेजारी पेन, आणि अकरावीतल्या एखाद्या मुलीचे हात. आवाजही तिचाच. गेल्या वर्षी याच बाकावर बसलेल्या ताईचं मुलं ऐकतात. ती असं म्हणेल:

“पेपर हातात आलाय. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. काहीच आठवत नाहीये. हात गार पडलेत, छाती धडधडतेय. तुला वाटतंय, सगळं विसरलो. विसरला नाहीस. शरीराला वाटतंय की धोका आहे, म्हणून त्याने पळायची तयारी केलीय. पळताना समीकरणं आठवत नाहीत, कुणालाच. आधी शरीराला थांबवू. पेन खाली ठेव. दोन्ही पावलं जमिनीला टेकव. डोळे मिटू नकोस, बाकावरच्या एका जागी बघ. आता ओठ थोडे उघडून श्वास सोड. हळूहळू. चहावर फुंकर घालतोस तसा. सगळा सोड. आता नाकाने आत, एक, दोन, तीन, चार. आणि बाहेर, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.”

इथे कॅमेरा हलवायचा नाही आणि बोलणं थांबवायचं. पडद्यावर आकडे येत-जात राहू देत, ती मुलगी श्वास घेत-सोडत राहू दे. चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर म्हणजे एक फेरी दहा सेकंदांची. सहा फेऱ्यांना बरोबर एक मिनिट लागतं. ते पूर्ण मिनिट व्हिडिओत ठेवा. एडिट करणारा म्हणेल, मॅडम, इथे काहीच घडत नाहीये, कापू या. कापू देऊ नका. व्हिडिओ बघता बघता मुलाने श्वास सोडला, तर घडायचं ते तिथेच घडलं. मागे संगीत नको. परीक्षेच्या खोलीत पंख्याचा आवाज असतो, तोच राहू दे. श्वास रोखून धरायला सांगू नका, दम्याच्या मुलांना आणि फार घाबरलेल्यांना ते जड जातं.

मुलं म्हणतील, एक मिनिट वाया गेलं. त्यांना हिशोबच दाखवा. गणित भाग 1 चा पेपर 40 गुणांचा आणि मूळ वेळ दोन तासांची, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. श्वासाचं एक मिनिट म्हणजे एका गुणाच्या वेळेचा तिसरा हिस्सा. न थांबता त्याच अवस्थेत लिहीत राहिलं, तर उदाहरण उतरवताना उणेचं अधिक होतं आणि सगळी रीत पुन्हा लिहावी लागते. त्यात किती मिनिटं जातात, ते तुमच्याकडच्या तपासलेल्या पेपरांतून एखादं पान दाखवून सांगा.

मिनिट संपलं की पुढचं वाक्य लगेच आलं पाहिजे, नाहीतर मूल शांत होऊन परत त्याच अवघड प्रश्नाकडे बघत बसतं. “आता पेपरात एक गुणाचा, तुला नक्की येणारा एक प्रश्न शोध. फक्त तो लिही.” हात लिहायला लागला की पुढचं आठवायला लागतं. सगळं एकदम परत येत नाही, एका उत्तराच्या मागून दुसरं येतं.

काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट धास्ती वाटते. त्यांच्यासाठी एका वाक्याची सोय ठेवा: “श्वास मोजून बरं वाटत नसेल तर सोडून दे. पाण्याची बाटली तळहातात घट्ट धर, तिचा गारवा जाणव, आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घे.” काम तेच होतं, लक्ष आतल्या धडधडीवरून बाहेर येतं.

आणि हे पहिल्यांदा बोर्डाच्या खोलीत करून उपयोग नाही. मार्चमध्ये पोहायची शर्यत असेल तर कुणी मार्चमध्ये पाण्यात उतरत नाही. शाळेत सराव चाचणी असेल तेव्हा पेपर वाटल्यावर तुम्ही स्वतः फळ्यापाशी उभ्या राहून सगळ्या वर्गाकडून सहा फेऱ्या करून घ्या. पाच-सहा चाचण्यांत अंगवळणी पडतं. झोप, जेवण, वेळापत्रक यांचं व्हिडिओत काही सांगू नका, ते पालकसभेत सांगा. अकरानंतर दिवा बंद करायचा निर्णय घरात मोठ्यांच्या हातात असतो.

आता मदतीचं. हे तुम्ही शेवटच्या पाटीवर ठेवलंय. माझ्याही पहिल्या व्हिडिओत तसंच होतं, सुंदर निळ्या पाटीवर. नंतर मुलांना विचारलं, नंबर बघितला का? एकालाही आठवेना. ज्याला बरं वाटलं त्याने तिथे व्हिडिओ बंद केला होता, ज्याला वाटलं नाही त्याने त्याच्या आधीच. म्हणून मदतीची गोष्ट मध्यावर आणा, श्वासाचं मिनिट आणि त्यामागचं ‘एक प्रश्न शोध’ हे वाक्य झालं की लगेच. अर्थाच्या दृष्टीनेही तिची जागा तीच आहे, कारण या श्वासाने काय होणार नाही, हे तिथेच सांगायला हवं. त्याने पेपरातली धडधड कमी होते. कित्येक दिवस मनावर बसलेला अंधार त्याने जात नाही. हे सांगितलं नाही, तर ज्याचं दुखणं मोठं आहे तो मुलगा श्वास करून बघेल, फरक पडणार नाही, आणि म्हणेल, मला हेही जमलं नाही.

इथे तुम्ही स्वतः कॅमेऱ्यासमोर या. हा भाग त्या मुलीकडून वदवून घेऊ नका, ती जबाबदारी मोठ्या माणसाची आहे. मी असं लिहीन:

“पेपराआधी पोटात गोळा येतो, आदल्या रात्री झोप उशिरा लागते, हे बहुतेकांना होतं आणि पेपर झाला की कमी होतं. पण दोन आठवडे झाले तरी रोजच झोप येत नसेल, जेवण जात नसेल, वाचायला बसलं की रडू येत असेल, शाळेत यायच्या वेळी रोज पोट दुखत असेल किंवा उलटी होत असेल, मित्रांशी बोलावंसं वाटत नसेल, तर हे एकट्याने सोसायचं नाही. मला सांग, किंवा घरात ज्याच्याशी बोलता येतं त्याला सांग, किंवा 14416 वर फोन कर.

“आणि एक गोष्ट दोन आठवडे थांबायची नाही, एक दिवसही थांबायची नाही. मरून जावं असं मनात येत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल किंवा केली असेल, तर आत्ता, या क्षणी, मोठ्या माणसाजवळ जा आणि हेच शब्द सांग. एकटा राहू नकोस. 14416 रात्री तीन वाजताही चालू असतो. जिवाला धोका वाटत असेल तर 112. तुझ्या मित्राने असं काही सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाला, तरी सांग. हे गुपित ठेवायचं नसतं.”

तुम्हाला वाटेल, ‘मरून जावं’ हे शब्द मुलांपुढे उच्चारायचे? हो. आडून सांगितलं की मूलही आडूनच बोलतं, आणि आपल्याला कळत नाही. सरळ विचारल्याने नसलेला विचार मनात रुजत नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. ज्याच्या मनात तो असतो, त्याला मात्र कुणीतरी विचारलं याचाच मोठा आधार वाटतो. फक्त शब्द उच्चारताना आवाज खाली नेऊ नका, गंभीर चेहरा करू नका. ‘ताप 103 असेल तर डॉक्टरकडे जा’ हे जसं सांगतो, त्याच आवाजात सांगा.

14416 ही टेलिमानस, केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात सुरू केलेली मानसिक आरोग्याची सेवा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलं नंबर नसल्यामुळे थांबत नाहीत, फोन लावल्यावर काय होईल हे माहीत नसल्यामुळे थांबतात. तेही एका वाक्यात सांगा: “आधी भाषा निवडायला सांगतील, मग एक समुपदेशक बोलेल. काय सांगायचं ते ठरवून ठेवायची गरज नाही, ‘मला बरं वाटत नाहीये’ एवढं म्हटलं तरी पुरतं.” व्हिडिओ करायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा तो नंबर लावून बघा, म्हणजे हे वाक्य तुमच्या तोंडून अनुभवाचं निघेल. घरातच मारहाण किंवा छळ होत असेल तर अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098 आहे, तोही पडद्यावर ठेवा. मंडळ दरवर्षी परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, ते घ्यायचे तर त्या वर्षीचेच घ्या. जुना बंद नंबर लावून बघणारं मूल पुन्हा लावत नाही. नंबर पडद्यावर दहा सेकंद तरी राहू दे आणि तोंडाने आकडा आकडा सुटा वाचा: एक, चार, चार, एक, सहा. बऱ्याच घरांत फोन एक असतो आणि व्हिडिओ कुणाच्या तरी खांद्यावरून बघितला जातो.

नापास होण्याची भीती अनेकांच्या मनात तळाला असते, म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिच्याबद्दल बोला. धीर देऊ नका, माहिती द्या. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश घेता येतो. ज्या मुलाला वाटतं की निकालाच्या दिवशी रस्ता संपतो, त्याला पुढचा रस्ता दिसणं हे दहा सुविचारांपेक्षा जास्त कामाचं असतं.

संथ बोललं तर मिनिटाला शंभरेक मराठी शब्द होतात. एक मिनिट शांततेचं गेलं, म्हणजे चार मिनिटांच्या व्हिडिओत तुमच्याकडे तीनशे शब्द आहेत. मी वर लिहून दिलेलं सगळं बोललात तर तीनशेच्या पुढे जाल, म्हणून कापावं लागेल. बाटलीचं वाक्य अर्धं करा, गुणांचा हिशोब वर्गात घ्या. मदतीच्या दोन परिच्छेदांतला मात्र एकही शब्द कमी करू नका. त्यासाठी पाच मिनिटांचा व्हिडिओ झाला तर होऊ दे.

पाठवायची वेळही बघा. रात्री दहाला ग्रुपवर टाकलात, तर ज्या मुलीला तो लागेल ती साडेदहाला तुम्हाला मेसेज करेल आणि तुम्ही झोपलेल्या असाल. शाळेच्या दिवशी दुपारी, शेवटच्या तासाला वर्गात दाखवा आणि नंतर अर्धा तास शाळेत थांबा. कुणी आलं तर ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मोडलंत तर विश्वास जाईल. त्याऐवजी म्हणा, “तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला घरी सांगावं लागेल, पण तुला आधी सांगून सांगेन.” अशा मुलाला त्या दिवशी एकट्याने घरी पाठवू नका. घरून कुणी येईपर्यंत जवळ बसा, आणि पालकांना जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचं नाव त्याच भेटीत सांगा. तिथे बाह्यरुग्ण विभाग कोणत्या दिवशी असतो, ते आधीच विचारून ठेवा.

व्हिडिओचं शेवटचं चित्र म्हणून फुलं, सूर्योदय, हसरी मुलं काही नको. तुमच्या प्रयोगशाळेचं दार दाखवा, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही रोज तिथे असता हे सांगा. मग खरंच तिथे असा.